अणुसंशोधन प्रयोगशाळेत उन्हाळी प्रकल्प हवाय? पत्र कसं लिहायचं, कुणाला, आणि कधी

एस.वाय.ला असताना मार्चमध्ये मी एकाच संध्याकाळी तेवीस शास्त्रज्ञांना एकच ईमेल पाठवली. सगळे पत्ते एकाच ओळीत, सगळ्यांना दिसतील असे. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’, आणि त्या तेवीस जणांत सहा बायका होत्या. उत्तर एकही आलं नाही. पुढच्या वर्षी, टी.वाय.ला, नोव्हेंबरमध्ये चार पत्रं लिहिली. दोघांनी उत्तर दिलं, त्यातल्या एकांनी होकार दिला आणि मे-जूनचे आठ आठवडे मी गॅमा डिटेक्टरसमोर काढले.

या दोन वर्षांत माझे गुण जवळपास तेच होते. फरक पत्रात होता. तो काय होता आणि होकारानंतर कुठे कुठे अडकायला होतं, ते क्रमाने लिहिते. लेख बी.एस्सी. आणि एम.एस्सी. पदार्थविज्ञानाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

१. आधी कोणता उन्हाळा, ते ठरवा

‘अंतिम वर्ष’ हीच पहिली अडचण. एप्रिल-मेमध्ये शेवटच्या सत्राची परीक्षा झाली की तुम्ही कॉलेजचे विद्यार्थी राहता की नाही, हे कुणीच ठामपणे सांगत नाही. प्रयोगशाळेला मात्र तुमच्यामागे एखादी संस्था उभी असलेली हवी असते: जिचा प्राचार्य लिहून देईल की हा आमचा विद्यार्थी आहे आणि हा प्रकल्प त्याच्या अभ्यासाचा भाग आहे. निकाल लागून दाखला हातात पडला की ती संस्था संपली, आणि पुढच्या प्रवेशाला अजून दोन महिने असतात.

यावर दोन वाटा आहेत. अभ्यासक्रमात प्रकल्पाचे श्रेयांक असतील तर प्रकल्प त्यालाच जोडून घ्या, म्हणजे काम अधिकृतपणे शेवटच्या सत्राचं होतं. तसं नसेल तर निकालाआधीच प्राचार्यांकडून पत्र घ्या, आणि त्यात ‘निकाल जाहीर होईपर्यंत सदर विद्यार्थी महाविद्यालयाच्या पटावर आहे’ हे वाक्य असू द्या. माझ्या पत्रात ते नव्हतं, म्हणून मे महिन्यात सुट्टीवर गेलेल्या हेड क्लार्कना शोधत मी त्यांच्या गावी गेले होते.

काही ठिकाणी पत्राऐवजी ठरलेला अर्ज असतो. टीआयएफआरचा व्हीएसआरपी, दिल्लीच्या आययूएसीचा उन्हाळी कार्यक्रम, तीन विज्ञान अकादमींची मिळून असलेली उन्हाळी फेलोशिप, हे त्यातले. जाहिरातीतली पात्रतेची ओळ दोनदा वाचा, कारण काही कार्यक्रम शेवटून दुसऱ्या वर्षासाठी असतात. त्यांचे अर्ज भराच. मी बोलतेय ते दुसऱ्या वाटेबद्दल, जिथे फॉर्म नसतो आणि सुरुवात एका माणसाला लिहिलेल्या पत्राने होते.

२. प्रयोगशाळेला लिहू नका, माणसाला लिहा

‘मला बीएआरसीत प्रकल्प करायचा आहे’ हे वाक्य तिथल्या कुणालाच उद्देशून नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अणुभट्टीचे इंजिनिअर आहेत, किरणोत्सर्गी रसायनं हाताळणारे रसायनशास्त्रज्ञ आहेत, पिकांच्या नव्या जाती काढणारे जीवशास्त्रज्ञसुद्धा आहेत. ध्रुव ही तिथली १०० मेगावॅटची संशोधन अणुभट्टी १९८५ मध्ये सुरू झाली. तिच्यातून निघणाऱ्या न्यूट्रॉनच्या झोतांवर काम करणारे बरेचजण स्फटिकांची रचना आणि चुंबकीय पदार्थ यांचा अभ्यास करतात. तुम्ही ‘मला अणुकेंद्रकीय भौतिकीची आवड आहे’ असं त्यांना लिहिलंत तर त्यांचा विषय तुम्ही वाचलेला नाही, हे पहिल्याच ओळीत कळतं.

जागेचाही घोळ होतो. बीएआरसी आणि टीआयएफआर यांचा मिळून असलेला पेलेट्रॉन हा त्वरक ट्रॉम्बेला नाही, कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात आहे. १४ दशलक्ष व्होल्टचं हे यंत्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं आणि पुढे त्याला अतिसंवाहक लायनॅकची जोड मिळाली. म्हणजे बीएआरसीच्या शास्त्रज्ञाची खोली ट्रॉम्बेला आणि प्रयोग कुलाब्याला, असंही असतं. मुंबईत खोली कुठे घ्यायची, हे त्यावर ठरेल. याखेरीज दिल्लीच्या आययूएसीत १५यूडी पेलेट्रॉन आहे आणि कोलकात्याच्या व्हीईसीसीत सायक्लोट्रॉन. आययूएसी तर विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच उभारलेलं केंद्र आहे, त्यामुळे विद्यार्थी तिथे नवलाईचे नसतात.

माणूस शोधायचा कसा? मला सगळ्यात उपयोगी पडली ती अणुऊर्जा विभागाच्या वार्षिक न्यूक्लिअर फिजिक्स सिंपोझियमची कार्यवाही. ती sympnp.org वर फुकट वाचायला मिळते आणि तिच्यातले बहुतेक लेख जेमतेम दोन पानांचे असतात. मोठ्या नियतकालिकातला बारा पानांचा निबंध टी.वाय.च्या विद्यार्थ्याला पेलत नाही. दोन पानं पेलतात. शीर्षकांत तुमच्या ओळखीचा शब्द शोधा. मी ‘सिंटिलेटर’ शोधला, कारण कॉलेजात मी तेवढंच हाताळलं होतं. तीन वर्षांच्या खंडांतून नऊ लेख निवडले, चार नीट वाचले, आणि त्या चौघांना लिहिलं.

लेखकांच्या यादीत पहिलं नाव बरेचदा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं असतं. पत्र त्यांना नको. जे तुमचे मार्गदर्शक म्हणून सही करू शकतील अशा कायम नोकरीतल्या शास्त्रज्ञांना लिहा. पण पहिल्या लेखकाचं नाव लक्षात ठेवा. प्रत्यक्षात तुम्हाला केबल जोडायला तेच शिकवणार आहेत.

एक बारीक सापळा. सरकारी संकेतस्थळांवर ईमेलचे पत्ते `[at]` आणि `[dot]` असे लिहिलेले असतात. जसेच्या तसे चिकटवले तर पत्र पोचत नाही, आणि आपण दोन आठवडे उत्तराची वाट बघत बसतो.

३. पत्रात सांगण्यासारखं एक काम हाताशी असू द्या

इथे थोडं थांबते, कारण माझ्या मते होकार-नकार इथेच ठरतो.

शास्त्रज्ञाला तुमची आवड मोजता येत नाही. आठ आठवडे हा मुलगा किंवा ही मुलगी माझ्या उपकरणाशी काय करेल, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. त्याचा एकच पुरावा तुमच्याकडे असतो: कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुम्ही काय केलंत आणि ते बिघडलं तेव्हा काय केलंत.

माझं उदाहरण देते. आमच्याकडे सोडियम आयोडाइडचा सिंटिलेशन डिटेक्टर आहे. त्याच्यासमोर सीझियम-१३७ ठेवलं की ६६२ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवर (पुढे ‘केईव्ही’ म्हणते) शिखर दिसतं. आमच्या मांडणीत एक चॅनेल म्हणजे २ केईव्ही, म्हणून शिखर ३३१व्या चॅनेलवर आलं. अर्ध्या उंचीवर त्याची रुंदी २६ चॅनेल होती. २६ भागिले ३३१, म्हणजे विभेदन ७.९ टक्के. या प्रकारच्या डिटेक्टरला सात-आठ टक्के ठीकच.

मग कोबाल्ट-६० चं १३३२ केईव्हीचं शिखर. ऊर्जा वाढली की स्फटिकात जास्त प्रकाश निर्माण होतो, तो मोजण्यातला चढउतार एकूण प्रकाशाच्या मानाने कमी होतो, आणि टक्केवारी ढोबळमानाने ऊर्जेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. हिशोबाने ती ५.५ टक्के यायला हवी होती, म्हणजे ६६६व्या चॅनेलच्या शिखराला ३७ चॅनेलची रुंदी. आली ४०, म्हणजे ६ टक्के.

अर्ध्या टक्क्याचा फरक. जर्नलमध्ये ‘प्रायोगिक त्रुटी’ लिहून सही घेता आली असती. पण आमचा कोबाल्टचा स्रोत एकवीस वर्षं जुना होता. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे चार अर्धायुष्यं उलटून मूळच्या सोळाव्या भागाइतकीच क्रियता उरलेली. पुरेशा नोंदी मिळाव्यात म्हणून सीझियमची मोजणी दहा मिनिटं आणि कोबाल्टची रात्रभर, आठ तास चालवली होती. सरांनी विचारलं, “रात्रभर शिखर जागेवर होतं कशावरून?” उत्तर नव्हतं, कारण आठ तासांची एकच फाइल होती.

दुसऱ्या रात्री दर तासाला वेगळी फाइल साठवली. पहिल्या तासात शिखर ६५५ वर होतं, आठव्या तासात ६७७ वर. थंडीत खोली गार होत गेली तसं ते वर सरकत गेलं होतं. एकट्या पहिल्या तासाच्या फाइलमध्ये रुंदी ३६ चॅनेल, म्हणजे साडेपाच टक्के, हिशोबाप्रमाणेच. आठही फाइली एकत्र केल्या की सरकणारं शिखर स्वतःवरच पसरतं आणि ४० होतं.

यात नवा शोध कसलाच नाही. तापमानाबरोबर अशा डिटेक्टरचं गेन बदलतं, हे कुठल्याही पुस्तकात आहे. पण पत्रातला परिच्छेद या घटनेवर होता आणि ज्यांनी होकार दिला त्यांनी पहिल्या उत्तरात एवढंच विचारलं होतं: रुंदी वाढली ती पल्स एकमेकांवर चढल्यामुळे नाही, हे कसं ठरवलं? मी लिहिलं की स्रोत क्षीण होता, नोंदींचा दर कमी होता, आणि पल्स चढल्या असत्या तर शिखराच्या वरच्या बाजूला शेपूट दिसलं असतं. त्याऐवजी तासागणिक संपूर्ण शिखरच सरकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी होकार आला.

तुमच्याकडे असं काही नसेल तर डिसेंबरपर्यंत करून घ्या. गायगर-म्युलर काउंटर प्रत्येक कॉलेजात असतो. त्याचं पठार दोन वेगवेगळ्या दिवशी काढा आणि दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवा. ते जुळणार नाहीत. का जुळले नाहीत ते शोधा, पत्राचा मजकूर तयार होईल.

४. काय मागायचं आणि काय मागायचं नाही

त्वरकाचा झोत मागू नका. झोताचा वेळ कुणाला किती द्यायचा ते समिती प्रस्ताव वाचून ठरवते, आणि त्यासाठी संशोधक महिनोन् महिने थांबलेले असतात. ‘मला पेलेट्रॉनवर प्रयोग करायचा आहे’ हे वाक्य उत्साही वाटतं, पण लिहिणाऱ्याला तिथलं काम कसं चालतं ते माहीत नाही, एवढंच त्यातून समजतं. तुम्ही गेलात तेव्हा गटाचा प्रयोग चालू असेल तर रात्रीच्या शिफ्टला बसायला मिळेलही. ते नशीब.

आठ आठवड्यांत होण्यासारखी कामं वेगळी असतात. युरोपियम-१५२ च्या स्रोतावरून जर्मेनियम डिटेक्टरची कार्यक्षमता मोजणं. जीअँट४ वापरून त्याच डिटेक्टरचं सिम्युलेशन करणं आणि मोजमापाशी ताडून बघणं. आधीच घेतलेल्या विदेचं रूट या सॉफ्टवेअरमध्ये विश्लेषण. पत्रात यातलं एक किंवा दोन लिहा, आणि पुढे ‘आपल्या गटाच्या गरजेनुसार दुसरं कामही चालेल’ असं जोडा. ‘कोणताही विषय चालेल’ एवढंच लिहिलंत तर विषय शोधायचं ओझं तुम्ही त्यांच्या डोक्यावर टाकलंत.

५. पत्र

पत्र इंग्रजीतच जातं. तरी नमुना मुद्दाम मराठीत देते. इंग्रजीत दिला तर तो उचलला जाईल आणि एकाच शास्त्रज्ञाला एकाच आठवड्यात तीच वाक्यं चारदा जातील. माझ्या बॅचला हे झालंय.

विषयाच्या ओळीत चार गोष्टी: उन्हाळी प्रकल्प, महिने, डिटेक्टरचा प्रकार, तुमचा वर्ग. मजकूर असा:

> माननीय डॉ. (आडनाव),
>
> मी (गाव) येथील (महाविद्यालय) इथे बी.एस्सी. पदार्थविज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ५ मे ते ३० जून या आठ आठवड्यांत आपल्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प करण्याची संधी मिळेल का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे.
>
> सिंपोझियमच्या कार्यवाहीतला सिंटिलेशन डिटेक्टरवरचा आपला लेख वाचला. त्यात वेगवेगळ्या ऊर्जांवरच्या विभेदनाचा आलेख आहे. त्या सर्व मोजण्या एकाच तापमानाला घेतल्या होत्या का, हे मला समजलं नाही. हा प्रश्न पडला तो आमच्या प्रयोगशाळेतल्या एका अनुभवामुळे.
>
> सोडियम आयोडाइड डिटेक्टरने कोबाल्ट-६० चं १३३२ केईव्हीचं शिखर आठ तास मोजलं तेव्हा विभेदन ६.० टक्के आलं. सीझियमवरून काढलेली अपेक्षा ५.५ टक्के होती. दर तासाची फाइल वेगळी ठेवून पुन्हा मोजल्यावर शिखर ६५५ वरून ६७७व्या चॅनेलवर सरकल्याचं दिसलं. पहिल्या तासापुरतं विभेदन ५.५ टक्केच होतं. आलेख सोबत जोडला आहे. गेन स्थिर ठेवण्याची सोय आमच्याकडे नाही, त्यामुळे काम इथेच थांबलं आहे.
>
> डिटेक्टरची कार्यक्षमता मोजणं किंवा सिम्युलेशन यांपैकी काही काम मला करता येईल असं वाटतं. पायथनमध्ये शिखराला वक्र जुळवता येतो; लिनक्स रोज वापरते; रूट आत्ता शिकत आहे, जीअँट४ वापरलेलं नाही. गटाच्या गरजेनुसार दुसरं कामही चालेल.
>
> राहण्याची सोय मी स्वतः करीन. आपली संमती मिळाल्यास महाविद्यालयाचं अधिकृत पत्र आणि इतर कागदपत्रं लगेच पाठवीन. आमचे विभागप्रमुख (नाव, ईमेल) माझ्या कामाबद्दल सांगू शकतील.

एवढंच. फोनच्या पडद्यावर दोनदा सरकवून संपेल इतकं.

यातली ‘जीअँट४ वापरलेलं नाही’ ही कबुली मैत्रिणीने खोडायला सांगितली होती. मी ठेवली. पुढे तिथे कळलं की ‘सिम्युलेशन येतं’ लिहून आलेला एक विद्यार्थी पहिले तीन आठवडे प्रोग्रॅम बसवण्यातच घालवून गेला होता.

डॉ. होमी भाभांबद्दल परिच्छेद नको. ट्रॉम्बेची संस्था त्यांनी उभारली आणि १९६७ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं, हे तिथे काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. ‘लहानपणापासून ताऱ्यांचं आकर्षण’ हेही नको.

सोबत एकच पीडीएफ जोडा: एक पान बायोडेटा, एक पान तो आलेख. फाइलला `cv_final_new2.pdf` असं नाव नको, स्वतःचं आडनाव द्या.

६. उत्तर आलं नाही तर

दोन आठवडे थांबा, मग त्याच पत्राखाली दोन ओळींची आठवण पाठवा. प्रयोग चालू असताना लोक रात्रंदिवस शिफ्टवर असतात आणि ईमेल खाली खाली जाते. माझ्या दोन उत्तरांपैकी एक आठवणीनंतर आलं. दुसरी आठवण पाठवू नका, आणि फोन तर नकोच.

एकाच गटातल्या दोघांना एकाच वेळी लिहू नका. ते शेजारच्या खोल्यांत बसतात आणि दुपारी एकत्र चहा पितात.

७. होकारानंतरचं दुसरं पत्र

शास्त्रज्ञांचा होकार म्हणजे प्रवेश, असं समजून मी घरी पेढे वाटले होते. तो फक्त पहिला दरवाजा असतो. दुसरं पत्र कार्यालयासाठी असतं आणि ते तुम्ही लिहायचं नसतं, कॉलेजने लिहायचं असतं. त्याचा वाचक डिटेक्टरबद्दल काही विचारणार नाही. तो नाव, तारीख, सही आणि शिक्का बघेल.

कॉलेजच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, प्राचार्य किंवा विभागप्रमुखांच्या सहीने एवढं हवं: तुमचं पूर्ण नाव, वर्ग, प्रकल्पाचा कालावधी, मार्गदर्शक शास्त्रज्ञांचं नाव आणि विभाग, आणि प्रकल्प शैक्षणिक कामासाठी आहे ही नोंद. शिवाय पहिल्या मुद्द्यातलं ते पटावरचं वाक्य. ठरलेला नमुना आहे का, हे मार्गदर्शकांना आधी विचारा. असेल तर त्यातला एकही शब्द बदलू नका.

सोबत तयार ठेवायचे कागद:

- बोनाफाईड प्रमाणपत्र आणि ओळखपत्राची प्रत
- आतापर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका
- आधार कार्ड
- पासपोर्ट आकाराचे फोटो, सहा तरी
- पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, मागितलं तर

यातलं शेवटचं सगळ्यात वेळखाऊ. महाराष्ट्रात त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, पण पडताळणी ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत तुमचा पत्ता असेल तिथे होते. मी हॉस्टेलचा पत्ता दिला आणि आधारवर गावचा होता. अर्ज परत आला, पुन्हा भरला, आणि प्रमाणपत्र मिळायला सगळे मिळून पाच आठवडे गेले. गावचा पत्ता दिला असता तर एका फेरीत झालं असतं. होकार येताच त्याच आठवड्यात अर्ज करा.

नावाचंही बघा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग आपलं नाव, मग वडिलांचं, काही ठिकाणी आईचंही. आधारवर क्रम वेगळा. प्रवेशपत्र करणाऱ्याला ही दोन माणसं वाटू शकतात. प्राचार्यांच्या पत्रात आधारवरचं नाव घ्या आणि ‘गुणपत्रिकेवरील नाव असे’ म्हणून दुसरंही लिहा.

८. निघण्यापूर्वी विचारून घ्यायच्या चार गोष्टी

*फोन आणि लॅपटॉप.* ट्रॉम्बेसारख्या ठिकाणी मोबाइल आत नेता येत नाही. घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी आई दुपारी चौदा मिस्ड कॉल देते. पेनड्राइव्हचं तेच. त्यामुळे रोजची नोंद कागदी वहीत ठेवायची सवय लावा.

*अहवाल बाहेर कसा जाणार.* आत केलेलं काम तुमच्या मनाने कॉलेजात सादर करता येत नाही; मार्गदर्शकांनी वाचून मान्यता द्यावी लागते. कॉलेजची शेवटची तारीख पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगा आणि मसुदा तिच्या तीन आठवडे आधी हातात द्या.

*पैसे.* जाहिरातीच्या कार्यक्रमांत विद्यावेतन असतं. पत्राने मिळालेल्या प्रकल्पात ते गृहीत धरू नका. ट्रॉम्बेसाठी चेंबूर, गोवंडी, मानखुर्द या भागात पेइंग गेस्ट शोधा. मे महिन्यात हार्बर लाइनने पनवेलहून किंवा वाशीहून येणं जमतं, पण पहिल्या आठवड्यात तरी जवळ राहा.

*किरणोत्सर्ग.* घरी हा प्रश्न निघतोच. कॅलिब्रेशनचे स्रोत छोटे आणि बंदिस्त असतात. जिथे गरज असते तिथे टीएलडी बॅज मिळतो, त्यात शरीराला मिळालेली मात्रा नोंदली जाते. नियामक मंडळाने सर्वसामान्य माणसासाठी ठरवलेली मर्यादा वर्षाला १ मिलीसिव्हर्ट आहे, आणि किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०. माझ्या आजीला हे आकडे सांगून उपयोग झाला नाही. बॅज दाखवल्यावर तिला पटलं.

बॅज छातीच्या उंचीला लावायचा, स्रोताजवळ टेबलावर विसरायचा नाही. माझ्या शेजारच्या मुलाने विसरला होता, आणि तो ‘डोस’ कुणाला मिळाला हे समजावण्यात त्याची एक दुपार गेली.

९. शेवटच्या दिवसाच्या आधीचा दिवस

प्रमाणपत्र मिळण्याआधी प्रवेशपत्र, बॅज, ग्रंथालयाचं पुस्तक, कपाटाची किल्ली सगळं परत करून सह्या घ्याव्या लागतात. सह्या करणारे वेगवेगळ्या इमारतींत बसतात. शुक्रवारी दुपारची परतीची गाडी असेल तर गुरुवारी सकाळीच फिरायला लागा. माझी एक सही राहिली, आणि मी सोमवारपर्यंत गोवंडीत थांबले.